डबीची मागची बाजू : नागपुरातील ज्येष्ठ नागरिक मंडळांना खुले पत्र

नागपुरातील सर्व ज्येष्ठ नागरिक मंडळांचे अध्यक्ष, सचिव आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी औषधनिर्माती आहे. एकतीस वर्षे शासकीय रुग्णालयांच्या औषध खिडकीवर उभी राहिले, आता निवृत्त होऊन मानेवाड्याला राहते. हे पत्र मधुमेह मुळापासून बरा करतो म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलच्या एका डबीबद्दल आहे. आपल्यापैकीच एका मंडळाच्या मासिक सभेत चहापानाआधी ती विकणाऱ्या पाहुण्यांना वीस मिनिटे माइक मिळाला आणि त्यानंतर ही डबी माझ्या मोठ्या भावाच्या घरी आली. मंडळाचे नाव मी लिहीत नाही, कारण बोलावणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पाहुणे छान बोलले, सगळ्यांची साखर फुकट तपासून दिली आणि जाताना एका संकेतस्थळाची लिंक मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून गेले.

दादा एकाहत्तर वर्षांचे. मधुमेह चौदा वर्षांपासून. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन ५००ची एकेक गोळी, उपाशीपोटी साखर दीडशे ते एकशे नव्वदच्या मध्ये कुठेतरी. त्या संकेतस्थळावर लिहिले होते की सात पिढ्यांच्या वैद्य घराण्याचा एक गुप्त योग आहे, त्याने मधुमेह मुळापासून जातो आणि तीन महिन्यांत इंग्रजी गोळ्या कायमच्या सुटतात. तीन महिन्यांचा कोर्स चार हजार आठशे रुपयांना. दिवसाला दोन कॅप्सूल. दादांनी मला न विचारता मागवला. मी काय म्हणेन ते त्यांना माहीत होते.

सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. "अगं, एकशे पाच! उपाशीपोटी एकशे पाच! आता सांग, काय म्हणतेस?" मी म्हटले, "दादा, इतक्या लवकर उतरली म्हणूनच मला भीती वाटते." ते चिडले. "तुले तं कशातच चांगलं दिसत नाही," म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मेटफॉर्मिन बंद केली. अक्षय्य तृतीयेला दोन वाट्या आमरस झाला, तरी साखर वाढली नाही. मंडळाच्या गटावर त्यांनी स्वतःच्या ग्लुकोमीटरचा फोटो टाकला आणि त्याच आठवड्यात आणखी चौघांनी तो कोर्स मागवला.

मे महिन्यातल्या एका रात्री उकाड्यामुळे ते नीट जेवले नाहीत. थोडे ताक घेऊन झोपले. पहाटे वहिनींना जाग आली तेव्हा अंगावरचा बनियन घामाने भिजलेला होता. कूलर चालू असताना इतका घाम का, म्हणून त्यांनी हाक मारली, तर दादा भलतेच काही बोलत होते, वहिनींना ओळखत नव्हते. साखर ३८. त्यांनी साखरेचे पाणी पाजले, दहा-पंधरा मिनिटांत दादा शुद्धीवर आले, चहा-बिस्कीट घेतले. उष्माघात असेल असे सगळ्यांनी ठरवले. दुपारी एक वाजता साखर पुन्हा ५१. मग रुग्णालयात नेले, आणि दोन दिवस शिरेतून ग्लुकोज चालू ठेवावे लागले, कारण सलाइन कमी केले की साखर परत खाली जाई.

तिथल्या तरुण डॉक्टरने मला एकच प्रश्न चार वेळा विचारला: "ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लायमेपिराइड घेतात का?" मी चारही वेळा नाही म्हणाले. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर सहसा इतकी खाली नेत नाही, आणि दादांनी तीसुद्धा सोडलेली होती. म्हणजे घरात साखर उतरवणारे एकही औषध सुरू नसताना मधुमेही माणसाची साखर ३८ झाली होती. चौथ्यांदा नाही म्हणताना मला ती डबी आठवली.

उरलेल्या कॅप्सूलपैकी दहा मी एका खासगी प्रयोगशाळेत तपासायला दिल्या. त्यांत ग्लिबेनक्लामाइड सापडले. एका कॅप्सूलमध्ये साधारण तीन मिलिग्रॅम, दुसरीत सात. ज्या इंग्रजी गोळ्या सुटणार होत्या, त्यांतलीच एक जुनी, अतिशय स्वस्त गोळी कुटून पाल्याच्या भुकटीत मिसळली होती, आणि तीही नीट ढवळलेली नव्हती. दुकानात ही गोळी पाच मिलिग्रॅमची मिळते. वयस्कर माणसाला ती सुरू करायचीच झाली तर अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी देतात, आणि हल्ली बरेच डॉक्टर त्यांना ती देणेच टाळतात. दादा रोज सहा ते चौदा मिलिग्रॅम घेत होते, तेही नकळत.

या औषधाचे काम समजून घ्या, म्हणजे दुपारी साखर पुन्हा का पडली ते कळेल. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते, मग तुम्ही जेवा की न जेवा. त्याचे शरीरात जे तुकडे होतात तेही साखर उतरवत राहतात आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. म्हाताऱ्या माणसाचे मूत्रपिंड मंद झालेले असेल तर त्याचा परिणाम चोवीस तास किंवा त्याहूनही जास्त टिकतो. साखरेच्या पाण्याने तासाभराची सोय होते, औषध मात्र अंगात तसेच असते. २००८ साली सिंगापुरात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. जानेवारी ते मे या काळात मधुमेह नसलेली दीडशे माणसे साखर एकदम उतरल्यामुळे पाच सरकारी रुग्णालयांत दाखल झाली, सात जण बेशुद्धीतून बाहेर आले नाहीत, त्यांतले चार दगावले. कारण निघाले बेकायदा विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत मिसळलेले ग्लिबेनक्लामाइड.

म्हणून आपल्या गटावर "मला तर फरक पडला, सहा दिवसांत पडला" असा निरोप येतो, तेव्हा आपण त्याला पुरावा समजतो आणि मला त्यातच धोका दिसतो. मेथी, गुडमार, जांभळाच्या बिया, कारले यांचा साखरेवर काही परिणाम होतो, पण तो सावकाश आणि थोडा होतो. आठवडाभरात ऐंशी अंक खाली आणणारी भुकटी केवळ पाल्याची असण्याची शक्यता फार कमी.

रुग्णालयातून आल्यावर मी ते संकेतस्थळ एका बसकीत वाचून काढले. तिथे काय पाहावे ते सांगते.

सगळ्यात आधी "गुप्त" हा शब्द. लोकांना तो मोलाचा वाटतो: जुन्या घराण्याचे ज्ञान, कुणी चोरू नये म्हणून राखलेले. पण भारतात परवाना घेऊन विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधाला गुप्त राहण्याची सोयच नाही. औषध नियमांनुसार त्याच्या वेष्टनावर सर्व घटकद्रव्यांची खरी यादी प्रमाणासह द्यावी लागते. सोबत राज्याच्या परवाना अधिकाऱ्याने दिलेला उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. एवढेच नाही, तर त्यातली द्रव्ये कायद्याने मान्य केलेल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांतली असावी लागतात. म्हणजे योग खरोखर गुप्त असेल तर ते कायद्याने आयुर्वेदिक औषध नाही, आणि आयुर्वेदिक औषध असेल तर ते गुप्त नाही.

दादांच्या डबीच्या मागे काय होते? "वनौषधी मिश्रण ५०० मिलिग्रॅम." बस्स. कोणती वनौषधी, किती, काही नाही. परवाना क्रमांकाच्या जागी चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक होता. हा क्रमांक खाद्यपदार्थाचा असतो. लोणच्याच्या बरणीवर असतो, चिवड्याच्या पाकिटावर असतो, आणि पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवरही असतो. त्या वर्गातल्या डबीवर "औषधी वापरासाठी नाही" असे छापण्याचा नियम आहे. दादांच्या डबीवर ते इंग्रजीत छापलेले होते, मुंगीएवढ्या अक्षरांत. मला भिंग घ्यावे लागले. संकेतस्थळावर आयुर्वेदिक औषध आणि डबीवर खाद्यपदार्थ! बाकी काहीच पाहायला वेळ नसेल तर ही एक विसंगती पाहा, ती दोन मिनिटांत सापडते.

पानाच्या तळाशी गोल सोनेरी शिक्के होते. "आयुष प्रमाणित", "जीएमपी", "आयएसओ". आयुर्वेदिक औषधाच्या उत्पादनाचा परवाना राज्य सरकार देते. हे औषध मधुमेह बरा करते, असे प्रशस्तिपत्र आयुष मंत्रालय कुणाला देत नाही. जीएमपी हे कारखान्याच्या स्वच्छतेचे आणि कामाच्या पद्धतीचे प्रमाणपत्र आहे. स्वयंपाकघर स्वच्छ आहे एवढेच ते सांगते, स्वयंपाकाने रोग बरा होतो असे नाही. आणि या डबीच्या बाबतीत तर स्वयंपाकघर कुठे आहे तेही लिहिलेले नव्हते, फक्त विक्रेत्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक.

त्याखाली रुग्णांचे अहवाल, आधीचा आणि नंतरचा. एकात एचबीएवनसी ११.२ होते आणि पंधरा दिवसांनी ५.६. हे मी तीन वेळा वाचले. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेचे मोजमाप. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो आणि त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. समजा पहिल्याच दिवसापासून त्या माणसाची साखर अगदी निरोगी माणसासारखी झाली, तरी पंधरा दिवसांत आकडा नऊच्या खाली येणे कठीण. ५.६ व्हायला रक्तच बदलावे लागेल. खरे तर रक्त दिल्यावर किंवा तांबड्या पेशी लवकर फुटणाऱ्या आजारात हा आकडा खोटा कमी दिसतोही. आपल्या विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे ते मी सांगायला नको. त्या घरातल्या मधुमेह्यांनी नुसत्या एचबीएवनसीवर विसंबू नये, डॉक्टरांना सिकलसेलचे आवर्जून सांगावे.

एक अहवाल मात्र मला खरा वाटला. सत्तेचाळीस वर्षांचे गृहस्थ, तीन महिन्यांत चौदा किलो वजन कमी, साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात. कॅप्सूलसोबत त्यांना भात, साखर, तळलेले सगळे बंद करून दिवसाला मोजके खाणे लिहून दिले होते. नव्याने मधुमेह झालेल्या, वजन जास्त असलेल्या माणसाने एवढे वजन उतरवले तर साखर गोळ्यांविना ताब्यात येऊ शकते. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१७ साली आले, अशा कडक आहारावर ठेवलेल्या लोकांपैकी ४६ टक्के वर्षभरानंतर त्या अवस्थेत होते. कष्ट त्या गृहस्थांनी केले, श्रेय कॅप्सूलने घेतले. वजन परत वाढले की साखरही परत येते, म्हणून डॉक्टर त्याला "बरा झाला" म्हणत नाहीत, तपासण्या चालू ठेवतात.

मला कुणी आयुर्वेदाची विरोधक म्हणू नये म्हणून एक गोष्ट सांगते. माझ्या आईचे अर्धे आयुष्य वैद्यांच्या औषधांवर गेले आणि तिला त्यांचा गुण येई. चरकसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, वीस प्रकार आहेत. कफाचे दहा साध्य, पित्ताचे सहा याप्य, म्हणजे उपचार चालू आहेत तोवर आवरलेले, आणि वाताचे चार असाध्य. मधुमेह या शेवटच्या चारांत येतो. ज्या ग्रंथाचे नाव घेऊन ही मंडळी व्यापार करतात, तो ग्रंथच मधुमेहाला असाध्य म्हणतो. "मुळापासून बरा" हे वाक्य आयुर्वेदाचे नाही. जाणता वैद्य ते उच्चारत नाही, आणि चालू असलेले इन्शुलिन सोडा असे तर मुळीच सांगत नाही. लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्या माणसाने ते सोडले तर काही दिवसांत जिवावर बेतते.

त्याच संकेतस्थळावर दुसरे एक पान होते, कर्करोगाचे. डबीचा रंग जांभळा, किंमत अकरा हजार, बाकी मजकूर जवळजवळ तोच. तिथल्या अनुभवांत एका बाईंनी लिहिले होते की स्तनातली गाठ शस्त्रक्रियेने काढली, केमोच्या दोन फेऱ्या घेतल्या, त्रास झाला म्हणून सोडल्या, मग ही कॅप्सूल घेतली आणि तीन वर्षे ठणठणीत आहे. त्या ठणठणीत आहेत याचा मला आनंदच आहे. पण गाठ सर्जनने काढली होती. उरलेली केमो होती ती रोग परतण्याची शक्यता कमी करण्यासाठी. असे अनुभव वाचताना दोन तारखा शोधा: बायोप्सीची आणि शस्त्रक्रियेची. बायोप्सीचा उल्लेखच नसेल तर कर्करोग होता की नाही हेच ठाऊक नाही, आणि शस्त्रक्रिया आधी झाली असेल तर कॅप्सूलने काय केले ते कळायला मार्ग नाही. ज्यांनी ती घेतली आणि जे गेले, ते अनुभव लिहायला येत नाहीत.

"निसर्गात औषध आहेच ना?" असे दादांनी मला विचारले होते. आहे. त्यांच्या अंगणातच आहे. सदाफुलीची फुले चावून साखर उतरते असे आपल्याकडे कित्येक लोक मानतात. परदेशातही मानत. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी हाच समज तपासायला सदाफुलीचा अर्क घेतला. साखरेवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही, पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यातून व्हिन्ब्लास्टिन हाती लागले, पुढे त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही वापरतात. आपल्या तुकडोजी रुग्णालयातल्या किंवा जामठ्याच्या मुलांना ते शिरेतून देताना शरीराच्या आकारमानानुसार मिलिग्रॅमचे अंश मोजतात, आणि एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, कारण त्यापुढे नसांना इजा होते. फुले चावून ना ती मात्रा मिळते ना ती अचूकता. एवढे मोठे औषध अंगणातल्या झाडातून निघाले आणि त्याची रचना, मात्रा, दुष्परिणाम सगळे छापून जगासमोर ठेवले गेले. कुणी ते सात पिढ्या दडवून ठेवले नाही.

आता मंडळांकडे येते. १९५४ सालापासून आपल्याकडे औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात चोपन्न आजार आहेत. ते आजार बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करता येत नाही. कर्करोग आणि मधुमेह दोन्ही त्या यादीत आहेत. डबीत काय आहे हा प्रश्न नंतरचा, "मधुमेह बरा करतो" ही जाहिरातच गुन्हा. जाहिरातीच्या व्याख्येत छापील मजकूर आहे, वेष्टन आहे, तोंडी घोषणाही आहे, आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्याद्वारे केलेली घोषणासुद्धा आहे. कायद्याचे शब्द "अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेऊ नये" असे आहेत. सभेत माइक देणे आणि गटावर लिंक पुढे ढकलणे, याकडे त्या शब्दांच्या उजेडात एकदा पाहा, ही माझी विनंती.

पाहुण्याला बोलावण्यापूर्वी सचिवांनी त्याच्याकडून डबीच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागवावा. पुढची नको, मागची. परवाना क्रमांक, घटकांची यादी, कारखान्याचा पत्ता नसेल तर बोलावू नये. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तरी उत्तर मिळालेच.

सभासदांपैकी कुणी अशी कॅप्सूल आत्ता घेत असेल, तर हे पत्र वाचून ती गुपचूप बंद करू नका. तिच्यात औषध मिसळलेले असेल आणि तुमची मूळ गोळी सुटलेली असेल, तर बंद करताच साखर एकदम चढेल. डबी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा, मूळ औषध परत कसे सुरू करायचे ते विचारा, आणि तोवर पहाटेची साखर तपासत राहा. घाम, हाताला थरथर, चिडचिड, बरळणे दिसले आणि माणूस शुद्धीत असेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खायला द्या, आणि बरे वाटले तरी रुग्णालयात जाच. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा.

डबी फेकू नका. कॅप्सूल तिच्यातच राहू द्या, कारण बॅच क्रमांकाशिवाय तक्रारीला वजन येत नाही. पैसे भरल्याची पावती, कुरिअरचे वेष्टन आणि संकेतस्थळावरच्या दाव्याचा तारखेसह फोटो जोडून अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. मी दिली आहे. त्या गटातल्या चौघांपैकी दोघांनी आपल्या डब्या मला आणून दिल्या, त्याही जोडल्या. उरलेले दोघे म्हणतात की त्यांना फरक पडतो आहे. त्यांच्या घरी मी परवा जाऊन आले, पुन्हा जाणार आहे.

दादा आता मेटफॉर्मिनवर परत आले आहेत. उपाशीपोटी साखर एकशे अठ्ठेचाळीस, आणि तेवढ्यावर ते खूश आहेत. तुमच्यापैकी कोणत्याही मंडळाने बोलावले तर शनिवारी सकाळी आम्ही दोघे येऊ. मी भिंग आणीन, ते डबी आणतील. आपापल्या घरातल्या डब्या तुम्हीही घेऊन या.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माती
मानेवाडा, नागपूर